रात्रपाळीसाठी हस्तांतर टिपण: एचडीयू, बेड ७ (गुरुवार, रात्री ८)

आज दुपारच्या केस कॉन्फरन्सच्या सादरीकरणातून रात्री लागणारे तेवढेच येथे घेतले आहे. निदानाची चर्चा व एन्डोस्कोपीची छायाचित्रे फाइलमध्ये आहेत. स्लाइडवरील तपासण्या सकाळी ६ च्या आहेत. त्यानंतर आकडे बदलले असल्याने कृपया खालील आकडेच प्रमाण मानावेत.

रुग्ण ५२ वर्षांचे पुरुष असून वजन ६० किलो आहे. त्यांना मद्यजन्य सिरोसिस आहे (चाइल्ड-प्यू सी, गुण १२). मंगळवारी रात्री ११.३० ला रक्ताच्या उलट्या होत असताना ते दाखल झाले आणि बुधवारी पहाटे अन्ननलिकेतील व्हेरिसेसना ५ बँड लावण्यात आले. त्यानंतर ताजा रक्तस्राव दिसलेला नाही. मात्र हिमोग्लोबिन सकाळच्या ८.१ वरून सायंकाळी ६ ला ७.४ वर आले आहे. सध्या नाडी ९६, रक्तदाब १०४/६२, लघवी ताशी ३५ मि.लि. आणि क्रिएटिनिन १.३ आहे, दाखल होताना ते ०.९ होते, म्हणून डाययुरेटिक्स बंद केली आहेत. पोटातील पाण्याच्या तपासणीत न्यूट्रोफिल्स १२० आल्याने तूर्त एसबीपी नाही.

टर्लिप्रेसिन १ मि.ग्रॅ. दर ४ तासांनी चालू असून पुढील डोस रात्री १०, २ आणि सकाळी ६ ला आहेत. सेफ्ट्रिअॅक्सोन १ ग्रॅम रात्री ११.३० ला द्यावे. लॅक्ट्युलोज ३० मि.लि. रात्री १० ला द्यायचे आहे. दिवसाला २-३ मऊ शौच हे उद्दिष्ट असून जुलाब होऊ लागल्यास पुढचा डोस थांबवावा. स्लाइडवरील पॅन्टोप्राझोल इन्फ्यूजन एन्डोस्कोपीनंतर बंद झाले आहे, ते पुन्हा सुरू करू नये.

हिमोग्लोबिन रात्री १० आणि २ ला पुन्हा पाहावे. ते ७ च्या खाली गेल्यास एका वेळी एकच पिशवी देऊन पुन्हा तपासावे. उद्दिष्ट ७ ते ८ असून त्यापुढे नेल्यास पोर्टल दाब वाढून पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते. रक्तपेढीत २ पिशव्या क्रॉसमॅच करून ठेवल्या आहेत. आयएनआर १.९ आहे; केवळ तो आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्मा देऊ नये. काळी शौच आणखी एक-दोन दिवस होणारच, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

ताज्या रक्ताची उलटी झाल्यास, किंवा सिस्टॉलिक दाब ९० च्या खाली आणि नाडी ११० च्या वर गेल्यास, प्रथम रक्त मागवावे व त्याच वेळी ऑन-कॉल एन्डोस्कोपी पथक आणि भूलतज्ज्ञ या दोघांना कळवावे. दोन्ही हातांत १६ गेजच्या कॅन्युला आहेत. बलून टॅम्पोनेडची वेळ आलीच, तर श्वासनलिकेत नळी टाकल्यावरच तो वापरावा, आणि पुढील उपाय होईपर्यंतचा आधार म्हणून, २४ तासांच्या आतच.

आज रात्री खरी कसोटी बेचैनीच्या प्रसंगी लागेल, असे मला वाटते. शेवटचे मद्यपान मंगळवारी दुपारचे असल्याने डिलिरियम ट्रेमेन्सचा धोक्याचा काळ नेमका चालू आहे, आणि सौम्य एन्सेफॅलोपॅथी दाखल होतानाच होती. गुंगी, झोपेचे चक्र उलटणे आणि हात पसरल्यावर फडफडणे हे एन्सेफॅलोपॅथीकडे बोट दाखवते. घाम, बारीक कंप, भास आणि वाढलेली नाडी ही विथड्रॉवलची लक्षणे आहेत, पण वाढलेली नाडी रक्तस्रावाचीही असू शकते. म्हणून आधी ग्लुकोज, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि तापमान पाहावे. लोराझेपाम हवेच असे वाटल्यास वरिष्ठांशी बोलून लहान डोसने सुरुवात करावी. नर्सिंग स्टाफने विनंती केली तरी केवळ रुग्ण शांत झोपावा म्हणून ते देऊ नये. थायामिन चालू आहे.

बँडिंगनंतर छातीत थोडे दुखणे अपेक्षित आहे, तरीही टर्लिप्रेसिन चालू असल्याने आधी ईसीजी काढावा. त्यात बदल दिसल्यास, बोटे निळी पडल्यास किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली गेल्यास पुढचा डोस थांबवून फोन करावा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चालेल. एनएसएआयडी अजिबात नको. लघवी सलग २ तास ३० मि.लि. च्या खाली राहिल्यास कळवावे.

टिप्सचा निर्णय उद्या सकाळी ९ ला इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीसोबत होणार आहे. रात्री त्याची घाई फक्त पुन्हा रक्तस्राव झाल्यासच करावी. पत्नीला ही शक्यता समजावून सांगितली असून सर्व उपचार करावेत, अशी त्यांची इच्छा आहे. रात्री २ नंतर तोंडाने फक्त पाणी व औषधे द्यावीत आणि सकाळी ६ ला हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन व आयएनआरचे नमुने पाठवावेत.

– दिवसपाळीचे निवासी डॉक्टर, मेडिसिन युनिट २