विषय: शनिवारी १२ जुलैला संध्याकाळी लाईट गेली तेव्हा लागलेलं गाणं

नमस्कार,

तुमचा ईमेल पत्ता बिलावर सापडला. तक्रार नाही, उलट कॉफी छानच होती. एक गाणं हवं आहे.

शनिवारी, १२ जुलैला, मी आणि माझी आत्या प्रभात रोडच्या तुमच्या कॅफेत आलो होतो. खिडकीजवळचं टेबल, दोन फिल्टर कॉफी, एक बनमस्का. बिलावर वेळ ७.३८ आहे. त्याआधी साधारण पंधरा मिनिटं, म्हणजे सव्वासात ते साडेसातच्या मध्ये, एक गाणं लागलं आणि ते अर्ध्यावर असतानाच लाईट गेली. दिवे इन्व्हर्टरवर लगेच आले, पण गाणं गेलं ते गेलंच. नंतर दुसरंच काहीतरी इंग्रजी सुरू झालं. काउंटरवरच्या चष्मेवाल्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "सरांच्या फोनवरून लागतं, मला नाही माहीत." म्हणून थेट तुम्हालाच लिहितेय.

आता गाण्याबद्दल. सुरुवातीला ताल नव्हता. नुसता क्लॅरिनेट, आपल्याकडे आलाप घेतात तसा, वीसेक सेकंद. आधी मला सनईच वाटली. मग तारांचं एक वाद्य आलं, मेंडोलिनच्या जातीचं, पण आवाज जरा जाड आणि खणखणीत. गाणारा एक पुरुष, आवाज भरदार, थोडा घोगरा. ओळ संपली की मागून तीन-चार जण तीच ओळ उचलायचे. भाषा कळली नाही. शब्दांच्या शेवटी 'स' मात्र फार येत होता.

ताल सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. आत्या टेबलावर बोटांनी रूपक धरून बसली होती: ती ती ना, धी ना, धी ना. एकदाही चुकली नाही, म्हणजे ताल नक्की. लय मात्र आपल्या रूपकापेक्षा चांगलीच जलद, पाय हलायला लावणारी.

चाल घरी येऊन हार्मोनियमवर काढली. मुखडा साधारण असा (रिषभ आणि धैवत कोमल, बाकी शुद्ध):

प ऽ ध | प म | ग ऽ
म ग रे | ग रे | सा ऽ

पहिली ओळ दोनदा, मग दुसरी. कडव्यात तो एकदम वरच्या सा वर जाऊन तिथेच रेंगाळतो आणि मग नी ध प करत घसरत खाली येतो. ते घसरणं मला काही बाजात काढता येईना. पेटीवर मींड कुठून आणणार!

याच सुरांवरून आमच्याकडे सध्या भांडण चालू आहे. मी म्हणते भैरव. आत्या म्हणते, "भैरव असता तर रिषभावर आंदोलन नको का? हा कालिंगडा." गाणारा परदेशी, त्याला दोन्हींशी देणंघेणं नाही, हे आम्हा दोघींनाही कळतं. तरी पूर्ण ऐकल्याशिवाय कोणी माघार घेणार नाही. माझ्या भाच्याचा अंदाज आहे की गाणं ग्रीक असावं, कारण तिकडे कलामातियानोस नावाचं एक लोकनृत्य आहे आणि त्याच्या सात मात्रांची विभागणी हीच, तीन-दोन-दोन. या नावाने शोधून आम्ही चाळीसेक गाणी ऐकली. सात मात्रा सगळीकडे मिळाल्या, आपली चाल एकातही नाही.

मोबाईलवर गाणं ओळखणारं अ‍ॅपही करून पाहिलं. मी गुणगुणले की ते मला भजनं दाखवतं. त्या संध्याकाळचं माझ्याकडे नऊ सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, पण त्यातली सात सेकंदं तुमच्या कॉफी ग्राइंडरची आहेत. तरी ते सोबत जोडलंय, शिवाय पेटीवर वाजवलेला मुखडाही. पेटीच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येईल, तिकडे दुर्लक्ष करा.

एवढंच करा: तुम्ही ज्या अ‍ॅपवर गाणी लावता, त्याच्या हिस्टरीत शनिवारी लाईट जाण्याआधीचं शेवटचं गाणं बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. नाव ग्रीक लिपीत असलं तरी चालेल, भाचा बघून घेईल. हिस्टरी पुसली गेली असेल, तर त्या दिवशी कोणती प्लेलिस्ट चालू होती तेवढं कळवा. दोनशे गाणी असली तरी ऐकू. आत्या निवृत्त आहे, तिला वेळच वेळ आहे.

येत्या शनिवारी आम्ही तशाही येणार आहोत. तोवर ईमेलला उत्तर जमलं नाही तर काउंटरवर चिठ्ठी ठेवलीत तरी चालेल, 'पेटीवाल्या आत्यांसाठी' म्हणून.

आपली,
मधुरा

ता. क. आत्या सांगतेय की बनमस्क्यात मस्का थोडा वाढवा. हे गाण्याशी संबंधित नाही, पण तिने लिहायलाच लावलं.