लोकसंख्या मनोरा वाचताना : यावल तालुक्यातील एका गावाचे उदाहरण

लोकसंख्या संक्रमणात आधी मृत्युदर घटतो, जन्मदर मागाहून. या दोहोंमधील अंतर म्हणजेच लोकसंख्येची नैसर्गिक वाढ. पहिल्या टप्प्यात दोन्ही दर जास्त असतात. दुसऱ्यात मृत्युदर झपाट्याने उतरतो, तिसऱ्यात जन्मदर उतरू लागतो, चौथ्यात दोन्ही कमी होतात. भारतात 1921 नंतर वाढ सलग राहिली, म्हणून ते वर्ष महाविभाजक मानतात.

आता सरावासाठी कल्पित आकडे घेऊ. गावाची लोकसंख्या 2000. वयोगट 0-4 : मुलगे 70, मुली 64. वयोगट 5-9 : एकूण 166. वयोगट 10-14 : एकूण 180.

मनोऱ्यात प्रत्येक वयोगटाची एक आडवी पट्टी, सर्वांत लहान वयोगट तळाशी : डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. मुलग्यांची पट्टी 70 ÷ 2000 × 100 = 3.5 टक्के, मुलींची 3.2. इथेच बहुतेकांचे चुकते : भागाकार फक्त पुरुषसंख्येने केला तर दोन्ही बाजूंची तुलनाच होत नाही.

180, 166, 134 : पाया अरुंद होतोय, म्हणजे जन्मदर उतरतोय. तिसरा टप्पा. मात्र तरुण जोडपी गाव सोडून गेली तरी पाया असाच आक्रसतो, म्हणून मधल्या पट्ट्याही पाहा. 20-24 मध्ये पुरुष 72, स्त्रिया 88 असतील, तर कामासाठी सुरत-पुण्याकडे गेलेल्या तरुणांचा विचार आधी करा.

0-14 मध्ये 480, 60 व त्यावरील 240, उरलेले 15-59 वयाचे कार्यशील 1280. अवलंबित्वाचे प्रमाण : 720 ÷ 1280 × 100 = 56.25. म्हणजे 100 कार्यशील व्यक्तींमागे सुमारे 56 अवलंबित.