पाडव्याच्या दिवशी, घाण्याच्या ग्राहकांना

आज वहीपूजन झाले आणि कराडमधल्या आमच्या लाकडी घाण्याने तिसरे वर्ष पूर्ण केले. गेल्या पाडव्यापासून आजपर्यंत आपण आमच्याकडून तेल नेलेत, चुकले तिथे स्पष्ट सांगितलेत आणि तरीही पुन्हा आलात, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे.

यंदाचा सर्वांत मोठा धडा श्रावणात मिळाला. सणांच्या मागणीपोटी मी घाईने घेतलेली शेंगदाण्याची पाच पोती जागेअभावी भिंतीला टेकवून थेट फरशीवर ठेवली गेली आणि आठ दिवसांत खालचे दाणे सर्दावले. शनिवार पेठेतल्या एका आजींनी दोन लिटरचा कॅन परत आणून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, या तेलाला गेल्या खेपेचा वास नाही.” झाकण उघडले तेव्हा किंचित कुबट वास मलाही जाणवला. त्याच दिवशी वहीतून नावे काढून, त्या पोत्यांचे तेल नेलेल्या प्रत्येकाला फोन केला, अडतीस लिटर तेल परत घेतले आणि पैसे दिले. बुरशी धरलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते, त्यामुळे ते तेल स्वस्तात काढून टाकण्याचा प्रश्नच नव्हता. राहिलेले दाणेही टाकून दिले आणि पेंडसुद्धा गोठ्यांना दिली नाही. तोटा जाणवला, पण एकाही घरातून रागाचा शब्द आला नाही, हे मी विसरणार नाही. आता पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर असतात आणि दाणा चोळून साल सुटते का, मोडताना कटकन आवाज येतो का, हे पाहिल्याशिवाय माल उतरवला जात नाही.

जानेवारीत खोबरेल थिजले म्हणून आलेले फोन मात्र माझ्याच आळसाचे फळ होते. शुद्ध खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठू लागते, एवढे वाक्य बाटलीवर छापायला मला दोन हिवाळे लागले!

घरून किटली आणणाऱ्यांना विनंती, की ती पूर्ण कोरडी असावी, कारण थेंबभर पाण्यानेही तेल लवकर खवट होते. तसेच गाळ खाली बसायला दोन-तीन दिवस लागतात. गेल्या दिवाळीत मी घाईने गढूळ तेल भरून दिले होते, म्हणून यंदा वसुबारसेच्या आठवडाभर आधीच मागण्या घेणे थांबवले. ज्यांना नकार द्यावा लागला, त्यांची क्षमा मागते.

लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात, त्यामुळे दाण्याचा भाव हलला की आमचाही हलतो. तो दर महिन्याच्या एक तारखेला फळ्यावर लिहिला जाईल. उद्या भाऊबीजेला घाणा बंद राहील. परवापासून खरिपाच्या नव्या शेंगांचे दाणे घाण्यात पडतील. त्यांचे तेल मात्र गाळ बसल्यावर, चौथ्या दिवशीच मिळेल.