वाटीभर मोहरी

मे महिना होता. नागपूरचं ऊन म्हणजे काय विचारता! इंदोऱ्याच्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. रमाच्या घरात कूलर घरघरत होता.

कूलरमध्ये पाणी भरायचं काम आबाजींचं. ते बादली उचलायचे आणि रमा पाइप धरायची. निम्मं पाणी दोघांच्या अंगावरच सांडायचं. आता पाणी बाबा भरतात. एक थेंब सांडत नाही.

आबाजी वारले, त्याला बावीस दिवस झाले होते.

त्यांच्या चपला रमा रोज दाराशी नीट लावून ठेवायची. आबाजी आले, तर शोधत बसायला नको.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात आली. आजी वरण घोटत होती.

"आजी, मेलेलं माणूस परत यायचं औषध असते का?"

आजीचा हात थांबला. तिनं रमाला जवळ ओढलं.

"असंच एका बाईनं विचारलं होतं. बुद्धाले. सांगू?"

रमानं मान हलवली.

"फार जुनी गोष्ट आहे. श्रावस्ती नावाचं मोठं शहर होतं. तिथं गोतमी राहायची. ती अंगानं अगदी बारीक, म्हणून लोक तिला किसा गोतमी म्हणत. किसा म्हणजे काटकुळी. तिला एक मुलगा होता. नुकता चालायला, पळायला लागला होता. आणि एक दिवस तो मेला."

"काऊन मेला?"

"आजारी पडला असंल. गोतमीला ते खरंच वाटेना. त्याला कडेवर घेऊन ती दारोदार फिरली. माझ्या बाळाला औषध द्या, औषध द्या! लोक म्हणाले, ही वेडी झाली. एक म्हातारा मात्र हसला नाही. तो म्हणाला, पोरी, बुद्धाकडं जा."

"बुद्धांनी जिवंत केलं?"

"ऐक तर. बुद्ध म्हणाले, गोतमी, मूठभर मोहरी घेऊन ये. पण ज्या घरात कधी कोणी मेलं नाही, त्याच घरातली पाहिजे."

"मोहरी तर सगळ्यांकडंच असते!"

"गोतमीलाही तसंच वाटलं. ती धावत पहिल्या घरी गेली. त्यांनी मोहरी आणून दिली. तिनं विचारलं, तुमच्या घरी कोणी मेलं तर नाही ना? ते म्हणाले, आमचे बाबा गेले. तिनं मोहरी परत केली. दुसऱ्या घरी लेक गेली होती. तिसऱ्या घरी आई. गोतमी दिवसभर फिरली. मोहरी सगळ्या घरांत होती. पण मरण झालं नाही, असं घर एकही नव्हतं."

रमा गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बाळाचं काय झालं?"

"ती त्याला रानात घेऊन गेली आणि तिथं ठेवून आली. मग बुद्धाकडं परतली. बुद्धांनी विचारलं, मोहरी मिळाली? ती म्हणाली, मोहरीचं काम झालं."

आजीनं पदरानं डोळे टिपले. रमानं ते पाहिलं. आजीपण रडते, हे तिला ठाऊकच नव्हतं!

आजीनं मसाल्याचा डबा उघडला. "घ्या! आपलीच मोहरी सरली. जा वं बाई, शेजारच्या काकूकडून वाटीभर आन."

अंगण तव्यासारखं तापलं होतं. रमाला स्वतःच्या चपला सापडेनात. तिनं आबाजींच्या चपलांत पाय घातले आणि फटक फटक करत निघाली.

काकू मोहरी आणायला आत गेल्या. रमा भिंतीकडं बघत उभी राहिली. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी अजून एक फोटो होता. त्याला हार होता. हा फोटो तिनं शंभरदा पाहिला असेल, पण विचारलं कधीच नव्हतं.

"काकू, हे कोण?"

काकू वाटी हातात धरून तशाच थांबल्या.

"माझा भाऊ. तू जन्मायच्या आधीच गेला."

"कसा होता?"

"काय सांगू! आंब्याचं पान ओठाला लावून अशी शिट्टी वाजवायचा, की गल्लीतली सगळी पोट्टी गोळा व्हायची." काकू हसल्या आणि खालीच बसल्या. "एकदा काय झालं..."

रमा घरी आली तेव्हा वरण पार गार झालं होतं.

"एवढा वेळ?" आजी म्हणाली.

"आजी, काकूंच्या भावाला पानाची शिट्टी वाजवता यायची!"

"मले माहीत आहे. तुझ्या आबाजीनंच शिकवली होती त्याले."

"आबाजींनी? मला तर नाही शिकवली!"

आजीनं तेल तापवलं. चिमूटभर मोहरी टाकली. तडतड, तडतड!

"अंगणातलं आंब्याचं पान घेऊन ये," ती म्हणाली. "मलेही थोडी येते."