बिडाचा डोसा-घावन तवा, सपाट बूड, तेलावर सीझन केलेला: ग्राहकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न (पुणे): इंडक्शनवर चालेल का नक्की? मागे एक तवा घेतला तो चाललाच नाही, पैसे वाया गेले.

उत्तर: चालतो. बिडाला लोहचुंबक चिकटतं आणि ज्याला चिकटतं तेच इंडक्शनवर तापतं, तुमचा आधीचा बहुतेक ॲल्युमिनियमचा असणार. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा, लगेच कळेल. फक्त लावल्या लावल्या फुल पॉवर देऊ नका हां, इंडक्शनची कॉइल असते छोटी, मधला भाग भडकतो आणि कडा थंडच राहतात, त्यात बिडाला तडा जाऊ शकतो, म्हणून आधी पाचेक मिनिटं कमीवर ठेवा आणि मग वाढवा. आणि काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा, ओरखडे पडतात.

प्रश्न (नाशिक): आईसाठी हवाय, वय ७०, मनगट दुखतं. वजन किती आहे?

उत्तर: मग १२ इंची नका घेऊ. तो २ किलो ७०० ग्रॅम भरतो, धुताना सिंकमध्ये धरायलाच जड जाईल. १० इंची १ किलो ९०० आहे, दोन्हीकडे कान आहेत त्यामुळे दोन हातांनी उचलता येतो, याच पेजवर साईझमध्ये बदलून घ्या. पण रोजच्या चपातीलाच हवा असेल तर साधा पत्र्याचा लोखंडी तवा बरा, पटकन तापतो आणि हलका. तो आमच्याकडे नाही, भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळेल. घावन, धिरडी, थालीपीठ होत असतील आईंकडे तर हा घ्या.

प्रश्न (ठाणे): सीझन केलेला लिहिलंय आणि खाली रिव्ह्यूमध्ये दोघांनी लिहिलंय की पहिलाच डोसा चिकटला. मग खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं आहे. सीझन म्हणजे तेलाचा पातळ थर तापवून बसवलेला, नॉनस्टिकचं कोटिंग नाही ते. आला की कोमट पाण्याने धुवा, गॅसवर पूर्ण कोरडा करा, चमचाभर तेल फिरवून धूर यायला लागला की बंद करा आणि गार झाल्यावर पुसून घ्या, असं दोन-तीन वेळा. मग पहिल्या दिवशी डोसा नको, कांदा परता किंवा थालीपीठ लावा भरपूर तेलावर. डोसा करताना अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवून तव्यावर घासायचा, पाण्याचा शिपका मारायचा, थेंब चर्र करून उडाले की गॅस बारीक करून पीठ घाला. निम्म्या लोकांचं इथेच चुकतं, धूर निघत असलेल्या तव्यावर पीठ घालतात, ते पसरतच नाही, पळीला गोळा होऊन वर येतं. आणि डोसा कडेने स्वतःहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका. तरी पहिला बिघडलाच तर तो करणाऱ्याचा, आमच्याकडे तसाच नियम आहे.

प्रश्न (सातारा): दुसऱ्या सेलरकडे असाच ६०० ला आहे, तुमचा ११५०?

उत्तर: त्यांच्या पेजवर वजन लिहिलंय का बघा. १२ इंची असून दीड किलोच्या आत असेल तर एकतर पातळ आहे किंवा बीड नाहीच, पत्रा आहे. पातळ तव्यावर मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं. वजन आमच्याएवढंच असेल आणि बूड सपाट असेल तर बिनधास्त तिकडून घ्या.

प्रश्न (नागपूर): कुरिअरमध्ये फुटला तर?

उत्तर: बीड ठिसूळ असतं, आपटलं तर फुटतं, खोटं कशाला बोलू. गेल्या पावसाळ्यात पाच तवे फुटून परत आले तेव्हापासून दोन्ही बाजूंनी थर्माकोल आणि डबल बॉक्स देतोय. खोका उघडताना व्हिडिओ काढा, फुटका निघाला तर सात दिवसांत बदलून देतो, परत पाठवायचा खर्च आमचा. तुमच्या हातून पडून फुटला तर मात्र नाही.

प्रश्न (मडगाव): गंज धरतो का? इथे हवा दमट.

उत्तर: ओला ठेवला तर धरणारच. धुतला की गॅसवर मिनिटभर कोरडा करा आणि तेलाचं बोट फिरवा. धरलाच तर काथ्याने मीठ लावून घासा, धुवून परत तेलावर तापवा, तवा वाया जात नाही. पोळे मस्त होतात ह्यावर. फक्त चिंच-कोकमाचं काही शिजवू नका, थर निघतो आणि चव लोखंडी लागते.

प्रश्न (पुणे): वरचा इंडक्शनवाला मीच. १० की १२? आम्ही चौघं.

उत्तर: आधी इंडक्शनवरचा गोल मोजा. ७-८ इंचांचा असेल तर १० इंचीच घ्या, १२ च्या कडा तापायला वेळ लागेल. आज चारच्या आत ऑर्डर टाकलीत तर आजच पाठवतो.