बॉन्डेड फोमची गादी, ७२ × ६० × ६ इंच, आणि सावरीच्या कापसाची उशी

कडकपणा १० पैकी ७. १ म्हणजे नुकती पिंजून भरलेली कापसाची गादी, १० म्हणजे फरशीवर अंथरलेली सतरंजी. ६५ किलोचा माणूस उताणा झोपला की कंबर साधारण एक इंच रुतते. वजन ५० किलोच्या आत असेल आणि कुशीवर झोपायची सवय असेल तर ही गादी घेऊ नका, खांदा दुखेल.

खाली ४ इंच बॉन्डेड फोम, घनता ९०. वर २ इंच मऊ फोम, घनता ३२. घनता म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत. त्या हिशेबाने खोळीसकट गादी सुमारे ३१ किलो भरते. घरी काट्यावर घालून बघा. २५ भरली तर आतला माल हलका आहे, परत द्या.

पलंग टेप लावून आतून मोजा. पावसाळ्यात गादी थेट फरशीवर टाकू नका, खालून ओल धरते.

उशी २४ × १६ इंच, आत १ किलो सावरीचा कापूस. डोकं टेकल्यावर उंची ३ ते ४ इंच. धुऊ नका, गोळे होतात. उन्हात टाकली की पुन्हा फुगते.

गादी ३० रात्री वापरून बघा. निदान १० रात्री द्या, पाठीला सवय व्हायला वेळ लागतो. नाही जमली तर पूर्ण पैसे परत. कोल्हापूर शहरात गाडी आमची, कागल-इचलकरंजीला ₹४०० भाडं तुमचं. डाग पडलेली गादी आणि पिशवी फोडलेली उशी परत घेत नाही.