सायलीचं आठवड्याचं टाइमटेबल : एसवाय बीएस्सी + एमपीएससी गट-ब संयुक्त पूर्व

सायली, काल फोनवर बोललो तसं टाइमटेबल बनवून पाठवतेय. आधी तक्ता बघ, मग खालचं सगळं वाच, कारण कुठला विषय कुठल्या खणात का टाकलाय ते कळलं नाही तर आठ दिवसात तूच बदलून टाकशील. हे तुझ्या एसटीच्या वेळेवर बसवलंय. पावसवरून ७:१० ची गाडी, ८:३० ला लेक्चर, सोम-बुध-शुक्र २ च्या गाडीने परत आणि मंगळ-गुरु प्रॅक्टिकल असल्यामुळे घरी यायला ५:३०. शनिवारी ११ ला सुटतेस. या वेळा हलत नाहीत, म्हणून त्या आधी मांडल्या आणि उरलेल्या जागेत अभ्यास टाकला. आपण सगळे उलटं करतो, दहा तास अभ्यास असं आधी लिहितो आणि मग एसटीत बसल्यावर तो दहा तासांचा कागद दप्तरातच राहतो.

| वार | पहाटे ५:१५–६:१५ | दुपार ४–५:३० | संध्याकाळ ७:३०–८:४५ | रात्री ९:१५–१० |
|---|---|---|---|---|
| सोम | गणित | राज्यघटना | मराठी व्याकरण | कॉलेज |
| मंगळ | बुद्धिमत्ता | प्रॅक्टिकल | राज्यघटना | कॉलेज (जर्नल) |
| बुध | गणित | इतिहास | इंग्रजी व्याकरण | कॉलेज |
| गुरु | बुद्धिमत्ता | प्रॅक्टिकल | इतिहास | कॉलेज (जर्नल) |
| शुक्र | गणित | भूगोल | विज्ञान (जीवशास्त्र) | कॉलेज |
| शनि | दोन्ही, घड्याळ लावून | अर्थव्यवस्था | भरपाई | सुट्टी |
| रवि | झोप, ६:३० ला उठ | भरपाई | आठवड्याच्या चालू घडामोडी | लवकर झोप |

रविवार सकाळ वेगळी आहे. ८ ते ९:३० कॉलेजचं राहिलेलं, १० ते ११ सराव पेपर, ११:१५ ते १ त्या पेपरच्या चुका.

बेरीज केलीय मी. स्पर्धा परीक्षेला आठवड्याला सव्वाबावीस तास, कॉलेजला घरचे सव्वापाच तास, आणि भरपाईचे पावणेतीन तास वेगळे. सव्वाबावीस कमी वाटतील तुला, ती पुण्यातली मुलं बारा बारा तास अभ्यासिकेत बसतात वगैरे ऐकून, पण ती मुलं कॉलेज संपवून बसलेली असतात गं. तुझी डिग्री अजून चालू आहे, शेवटच्या वर्षाला असताना तुला पूर्वचा फॉर्म भरता येईल, म्हणजे हातात वेळ आहे. तो दर आठवड्याला सव्वाबावीसच्या हिशोबाने खरंच वापरला गेला पाहिजे, बस.

आता पहाटेचं. गणित-बुद्धिमत्ता पहाटेच का, तर हा एकच विषय असा आहे की रोज हात फिरला नाही तर स्पीड जातो. पूर्वच्या पेपरात १०० प्रश्न आणि एक तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यात शेकडेवारी, काळ-काम-वेग अशी गणितं ३६ सेकंदात होत नाहीत कुणाचीच, म्हणून राज्यघटना-इतिहासाचे प्रश्न पंधरा-वीस सेकंदात उडवून वेळ वाचवायचा आणि तो गणिताला द्यायचा. हे जमायला रोज तासभर सोडवणं लागतं, वाचणं नाही. वही उघडी, पेन हातात, उत्तर झाकलेलं. शनिवारी घड्याळ लावून ३० प्रश्न, ३० मिनिटं, आणि उरलेल्या अर्ध्या तासात चुकलेले परत. पहाटे मोबाइल हातात घेऊ नकोस, अलार्मला घरातलं साधं घड्याळ वापर, काकूकडे आहे ते.

एसटीतला वेळ मी मुद्दाम तक्त्यात घातला नाही. पावस ते रत्नागिरी वळणं, त्यात गाडी भरलेली, तिथे पुस्तक उघडलंस तर डोकं दुखेल आणि मळमळेल. पण कान मोकळे आहेत ना, जाताना आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐक आणि येताना स्वतःच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. हे नक्की कर. सोमवारी राज्यघटनेचं जे वाचशील ते दहा मिनिटांत मोबाइलवर बोलून ठेव. कलम १२ ते ३५ मूलभूत हक्क, ३६ ते ५१ मार्गदर्शक तत्त्वं, ५१ अ कर्तव्यं, त्यातली दहा ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली आली आणि अकरावं ८६ व्या दुरुस्तीने २००२ साली, असं सरळ बोलत जा. दुसऱ्याचं लेक्चर ऐकताना झोप लागते, स्वतःचा आवाज ऐकताना चूक लगेच कळते. भाट्याचा पूल येईपर्यंत एक रेकॉर्डिंग पूर्ण होतं.

राज्यघटना आणि इतिहास आठवड्यातून दोनदा ठेवलेत कारण तुझे तेच कच्चे आहेत, तू सायन्सची असल्यामुळे दहावीनंतर यांना हातच लावला नाहीस. दोन्ही वेळा नवीन वाचायचं नाही. सोमवारी दुपारी राज्यघटनेचं नवीन, मंगळवारी संध्याकाळी त्याच भागाचे जुने प्रश्न सोडवायचे. इतिहासाचं पण तसंच, बुधवारी वाचन, गुरुवारी प्रश्न. मंगळ-गुरु प्रॅक्टिकलने दमून येतेस, त्या दिवशी नवीन धडा डोक्यात शिरत नाही पण प्रश्न सोडवता येतात, म्हणून ते वार तसे टाकलेत. जुने पेपर आयोगाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, कुणाला पैसे देऊ नकोस. पुस्तकं आधी बालभारतीची सहावी ते बारावी, ई-बालभारतीवर पीडीएफ आहेत. जाड ठोकळे नंतर बघू.

इतिहास तुला वाटतो तेवढा लांबचा नाही बघ. टिळकांचा जन्म रत्नागिरीतला, १८५६. सावरकर इथे स्थानबद्ध होते १९२४ ते १९३७, पतितपावन मंदिर १९३१ चं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ ला पदच्युत केलं आणि तो १९१६ ला रत्नागिरीतच वारला. हे सगळं तू येता-जाता बघतेस, फक्त सनावळीला जोडायचं राहिलंय. भूगोलातही तेच, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी असा उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रम लावताना काजळी म्हणजे आपल्या भाट्याची खाडी हे डोळ्यासमोर आण, आणि जांभा खडक वाचताना घरामागचा चिऱ्याचा गडगा. पाठ करायला लागत नाही मग.

विज्ञानाला एकच खण दिलाय आणि तोही जीवशास्त्राला, कारण फिजिक्स-केमिस्ट्री तुझं कॉलेजात चालूच आहे. मराठी-इंग्रजी व्याकरण मुख्य परीक्षेला लागतं, पूर्वला नाही, तरी आठवड्याला एकेक खण आत्तापासून राहू दे, शेवटी व्याकरण घाईत होत नाही. अर्थव्यवस्था शनिवारी दुपारी, जेवून थोडं आडवं पडून मग. चालू घडामोडी रविवारी एकदाच लिहायच्या, आठवडाभर ऐकलेल्यातलं जे आठवतं ते आधी न बघता लिहायचं आणि मग पेपरवरून राहिलेलं भरायचं. लोकराज्य मिळालं तर त्यातून राज्याच्या योजना.

रविवारचा सराव पेपर १० लाच सुरू कर, घरात कुणी आलं तरी. चूक उत्तराला पाव मार्क कापतात, म्हणून वहीत तीन आकडे लिहायचे, बरोबर, चूक, सोडलेले. समज ६२ बरोबर, २८ चूक, १० सोडले, तर २८ चे ७ गेले आणि हातात ५५. पुढच्या रविवारी ६० बरोबर आणि १२ चूक आले तर ५७ होतात, बरोबर कमी आणि मार्क जास्त. चुकांचे पावणेदोन तास हे पेपरच्या तासापेक्षा महत्त्वाचे. प्रत्येक चुकीपुढे एकच अक्षर लिही, न = माहीतच नव्हतं, घ = घाई केली, ग = दोन पर्यायांत गडबड. न जास्त आले तर तो विषय भरपाईच्या खणात जातो. घ जास्त आले तर शनिवारच्या घड्याळवाल्या तासात प्रश्न ३० वरून २५ वर आण, स्पीड नंतर वाढव.

भरपाईच्या खणात आधीपासून काहीच लिहायचं नाही. आठवड्यात काहीतरी बुडणारच, गाडी चुकेल, काकूची पाठ धरेल, पाहुणे येतील. बुडलेलं दुसऱ्या दिवशीच्या डोक्यावर टाकायचं नाही, सरळ शनिवार संध्याकाळ नाहीतर रविवार दुपार. काहीच बुडलं नसेल तर समुद्रावर जा नाहीतर झोप, तो खण अभ्यासाने भरू नकोस.

५:३० ते ७:३० मध्ये घरचं काम आहे हे मला माहितीय, तो वेळ मी धरलेलाच नाही. पण ७:३० नंतर भाकऱ्या-भांडी तुझ्याकडे नकोत, मी काकूशी बोललेय, ती हो म्हणाली, आणि प्रथमेशलाही सांगितलंय की संध्याकाळचं पाणी आणि भांडी त्याची. टीव्ही पण बाहेरच्या पडवीत हलवणारेत.

पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा संध्याकाळचा खण गेला म्हणून बसू नकोस, चार्जिंगचा दिवा सकाळी लावून ठेव आणि त्या दिवशी व्याकरण किंवा रेकॉर्डिंग ऐकणं असलं हलकं घे. गणपतीत घरी माणसं भरलेली असतात, पहिल्या दिवसापासून गौरी-गणपती विसर्जनापर्यंत फक्त पहाटेचा तास, बाकी सगळं बंद, आरत्या कर, मनापासून कर. शिमग्याला पालखी घरी येईल त्या दिवशी तोही नको. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात, पण तेव्हाच तुझी सेमिस्टरची परीक्षाही असते, त्यामुळे परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे टाइमटेबल असं फिरव : पहाट गणित तशीच, दुपार आणि संध्याकाळ दोन्ही कॉलेजला, रविवारचा पेपर बंद. डिग्रीत केटी लागली तर शेवटच्या वर्षाचं सगळं गणित बिघडेल, म्हणून या दोन आठवड्यांत एमपीएससीचं काही वाटून घेऊ नकोस.

येत्या सोमवारपासून सुरू कर. तक्ता हाताने कागदावर काढ, कपाटाच्या दाराला आतून चिकटव, झालेल्या खणावर टिक, बुडलेल्यावर फुली, पेन्सिलने. पहिले तीन आठवडे काहीच बदलू नकोस, फक्त टिक-फुली. रविवारी रात्री कागदाचा फोटो मला टाक, एकाच वारी किंवा एकाच खणावर सारख्या फुल्या दिसल्या तर तो खण आपण दोघी मिळून हलवू. मंगळवारच्या संध्याकाळबद्दल मलाही थोडी शंका आहे, ती जड गेली तर राज्यघटनेचे प्रश्न शनिवारी सकाळी ११ च्या सुट्टीनंतर, दुपारच्या जेवणाआधी टाकता येतील.